खिडक्या बंद, प्युरिफायर चालू, तरी खोलीत धूर: पराली आणि नरवाईच्या दिवसांत काय तपासायचं

दिवाळीच्या आगेमागे डबरा-भितरवारकडच्या शेतांत धानाची कापणी संपते आणि मागे राहिलेली पराली पेटते. त्याच दिवसांत वारा वायव्येचा असला की पंजाब-हरियाणातला धूरही ग्वाल्हेरवर उतरतो. रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खालीच बसते, त्यामुळे शहराच्या लष्कर भागातल्या गल्ल्यांतला धूर सकाळी ऊन चढेपर्यंत हलत नाही. एसी आणि व्हेंटिलेशन हे माझं काम असल्यामुळे दर वर्षी या दिवसांत नातेवाइकांचे फोन येतात, आणि तक्रार एकच असते. खिडक्या बंद आहेत, एअर प्युरिफायर आणलाय, तो दिवसरात्र चालतोय, तरी सकाळी घसा खवखवतो आणि मीटरवरचा आकडा खाली येत नाही. मशीन खराब निघालं का?

मशीन बहुतेक वेळा बरं असतं, खोली गळत असते. मास्कचंही तसंच आहे. लोक त्यावरचा नंबर बघून घेतात, पण धूर आत येतो तो गालाजवळच्या फटीतून. म्हणून इथे सगळा भर गळतीवर दिला आहे: ती कशी शोधायची, किती महागात पडते आणि कशी बंद करायची.

आधी आकडा खरा आहे का ते बघा

पराली आणि नरवाई, म्हणजे गहू कापल्यावर शेतात उरलेले खुंट, यांच्या धुरातले बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज येईल. असे कण खाली बसत नाहीत, हवा जाईल तिथे जातात. मीटरवर त्यांचा आकडा ‘पीएम २.५’ म्हणून दिसतो, एका घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम ते. आपल्याकडे २४ तासांच्या सरासरीसाठी ६० ही मर्यादा ठरवली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तीच १५ वर आणली.

फुलबाग, महाराज बाडा, सिटी सेंटर आणि दीनदयाल नगर इथल्या सरकारी केंद्रांचे आकडे ‘समीर’ अ‍ॅपवर मिळतात. तिथला एक्यूआय मागच्या २४ तासांच्या सरासरीवर काढतात. संध्याकाळी सातला धूर आला तर तो त्या आकड्यात पुरता उतरायला दुसरा दिवस उजाडतो. म्हणून खिडकी उघडायची की नाही हे त्यावरून ठरवू नका. पीएम २.५ चा तासाभराचा आकडा मिळत असेल तर तो बघा, नाहीतर घरातलं छोटं मीटर गॅलरीत पाच मिनिटं धरा.

घरातल्या मीटरचे दोन दोष माहीत असायला हवेत. ही मीटरं प्रकाशाच्या किरणाने कण मोजतात, आणि धुक्याचा थेंब त्यांना कणासारखाच दिसतो. डिसेंबरच्या दाट धुक्यात बाहेरचा आकडा फुगलेला येतो. खोलीत वाफेचं यंत्र चालू असेल तर आतलाही फुगतो. दुसरा दोष जास्त फसवतो. प्युरिफायरच्या अंगावरचा आकडा त्याच्या शेजारच्या हवेचा असतो, आणि ती हवा त्याने नुकतीच गाळलेली असते. तिथे २० दिसत असताना पलंगाच्या उशाशी ८० असू शकतात. मोजायचं तर वेगळं मीटर घ्या आणि ते झोपता त्या उंचीवर, मशीनपासून लांब ठेवा.

मावशीची खोली

जनकगंजात माझ्या मावशीचं जुनं घर आहे. तिला दमा आहे. मागच्या हिवाळ्यात तिचा फोन आला, “अरे, दुसरं मशीन घेऊ का? हे एकटं पुरत नाहीये.” मी म्हटलं, “थांब मावशी, आधी मी येऊन बघतो.”

तिची झोपायची खोली बारा फूट लांब, बारा फूट रुंद आणि जुन्या घरासारखी अकरा फूट उंच. म्हणजे जवळजवळ १,६०० घनफूट, साधारण ४५ घनमीटर. मशीनवर सीएडीआर २२० लिहिलेला होता, म्हणजे पूर्ण वेगावर ते तासाला २२० घनमीटर स्वच्छ हवा देतं. २२० ला ४५ ने भागलं की पाच येतात. खोलीतली हवा तासात पाच वेळा गाळली जाते. धुराच्या दिवसांसाठी हे चांगलं आहे. मशीन लहान नव्हतं.

त्या संध्याकाळी गॅलरीत मीटर २४० च्या आसपास दाखवत होतं आणि मशीन पूर्ण वेगाने चालू असूनही तिच्या उशाशी ९०. इथे एक साधा हिशेब उपयोगी पडतो. बाहेरची हवा फटींतून तासाला जितक्या वेळा खोली भरते तो आकडा घ्या. त्याला, गळती आणि गाळणं मिळून जी बेरीज होते तिने भागा. बाहेरच्या धुराचा तेवढा हिस्सा आत राहतो. गळती तीन आणि गाळणं पाच असेल तर आठातले तीन, म्हणजे २४० चे ९०. तिच्या खोलीत नेमकं तेच दिसत होतं.

आता दोन्ही वाटा तपासून बघा. तिने तसंच दुसरं मशीन घेतलं असतं तर गाळणं दहा झालं असतं, आणि तेरातले तीन म्हणजे साधारण ५५ उरले असते. त्याऐवजी गळती तीनवरून एकवर आणली तर आहे त्याच मशीनवर सहातला एक, म्हणजे ४०. फटी बुजवायला लागणारा खर्च दुसऱ्या मशीनच्या तुलनेत किरकोळ असतो, आणि परिणाम जास्त. हिशेब ढोबळ आहे, काही कण भिंतींवर आणि फटींतच अडकतात, पण निर्णय घ्यायला पुरेसा आहे.

तुमच्या खोलीची गळती किती, हे मीटर आणि घड्याळ घेऊन घरीच काढता येतं. मशीन तासभर पूर्ण वेगाने चालवून आकडा जितका खाली येईल तितका येऊ द्या. बाहेरचा आकडाही लिहून ठेवा. मग मशीन बंद करा आणि बघत बसा. आतला आणि बाहेरचा फरक निम्मा व्हायला किती वेळ लागतो? पंधरा मिनिटांत झाला तर गळती तासाला तीनच्या घरात आहे. चाळीस मिनिटं लागली तर एकच्या आसपास. मावशीच्या खोलीत पाव तासही लागला नाही. ही चाचणी करताना घरात कोणी फोडणी देऊ नये, उदबत्ती लावू नये आणि खोलीत फिरू नये, नाहीतर आकडा भलत्याच कारणाने चढेल.

गळती कुठून होते

ग्वाल्हेरच्या घरांत पहिला संशय कूलरच्या खिडकीवर घ्यावा. एप्रिल ते जुलै चालणारा मोठा कूलर खिडकीच्या जागी बसवलेला असतो. हिवाळ्यात तो तसाच राहतो आणि वर एखादी गोधडी किंवा प्लास्टिक टाकलेलं असतं. त्याच्या तिन्ही बाजूंच्या जाळ्यांतून हवा सरळ पंख्याच्या तोंडातून खोलीत येते. मावशीकडे हीच सगळ्यात मोठी वाट होती. गोधडी हवा अडवत नाही. कूलरच्या तोंडावर खोलीच्या बाजूने प्लायची फळी बसवायची, तिच्या कडेला फोमची चिकट पट्टी लावायची आणि फळी चार स्क्रूंनी घट्ट दाबायची. फळी मिळेपर्यंत जाड प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी रुंद चिकटपट्टीने लावला तरी चालतं.

दुसरं म्हणजे छताजवळचे रोशनदान. जुन्या घरांत ते कायमचे अर्धवट उघडे असतात, दोरी तुटलेली असते आणि वर कोणी बघत नाही. तिसरी जागा दाराखालची फट. चार बोटं रुंद फट लहान वाटते, पण ती दाराच्या पूर्ण रुंदीइतकी लांब असते. रबरी पट्टी मिळेपर्यंत जुन्या साडीची घट्ट गुंडाळी करून लावा. खिडकीच्या सरकत्या काचा जिथे एकमेकींवर येतात तिथली फट आणि एसीच्या पाइपाभोवतीचं भोकही बघा. पाइपाभोवती वीज मिस्त्री लावतात ती पांढरी पुट्टी दाबून भरली की काम होतं. खिडकीच्या एसीत बाहेरची हवा घेण्याची एक खिट्टी असते, ती बंद करा. स्प्लिट एसी बाहेरची हवा घेत नाही, पण त्याची जाळी हा धूर गाळतही नाही.

फट दिसत नसेल तर टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी घेऊन कडेकडेने फिरवा. जिथे ती आत झुकते तिथून हवा येते. उदबत्तीच्या धुरानेही दिसतं, पण मग मीटरचा आकडा तासभर भरवशाचा राहत नाही.

आता एक अशी गळती, जी फट नसतानाही होते. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा तासाला कित्येकशे घनमीटर हवा बाहेर फेकतो. तितकीच हवा घरात कुठून तरी यावी लागते, आणि ती प्रत्येक फटीतून ओढली जाते. मावशी मोदकांपासून चकल्यांपर्यंत सगळं करते, आणि पंखा संध्याकाळपासून जेवणं होईपर्यंत चालू असतो. आपण घर बंद करून ठेवतो आणि तो पंखा रस्त्यावरचा धूर आत ओढत राहतो. पंखा अजिबात लावू नका असं मी म्हणणार नाही, कारण तळणाचा धूरही तितकाच वाईट आहे. स्वयंपाक करताना पंखा लावा, स्वयंपाकघराचं दार लावून घ्या आणि तिथलीच खिडकी वीतभर उघडा, म्हणजे पंखा आपली हवा त्याच खिडकीतून घेईल. गॅस बंद झाल्यावर पाच-दहा मिनिटांनी पंखाही बंद. न्हाणीघरातल्या पंख्यालाही हेच लागू आहे.

फळी, रोशनदान, दाराची पट्टी आणि पंख्याची ही शिस्त एवढ्यावर मावशीच्या उशाशी आकडा ४० च्या आसपास आला. मशीन तेच होतं.

सगळं बंद केल्यावर गुदमरणार नाही का

हा प्रश्न मावशीनेही विचारला, आणि तो योग्य आहे. तासाला एक गळती उरलेल्या ४५ घनमीटरच्या खोलीत दोन माणसं रात्रभर झोपली तर कार्बन डायऑक्साइड हजार पीपीएमच्या आसपास राहतो. त्याने त्रास होत नाही. त्याच खोलीत पाच माणसं झोपली तर हवा जड होईल, सकाळी डोकं दुखेल. तेव्हा दार घरातल्या बाजूला किलकिलं ठेवा. दिवसातून एकदा खिडक्या उघडायच्याच, फक्त वेळ निवडून. ऊन चढल्यावर जमिनीलगतची हवा तापून वर उठते, म्हणून हिवाळ्यात दुपारी एक ते चारच्या दरम्यान धूर बहुधा सगळ्यात विरळ असतो. गॅलरीत मीटर धरून खात्री करा, पंधरा-वीस मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडा, मग बंद करून मशीन पूर्ण वेगावर. पहाटे उठल्याबरोबर ताज्या हवेसाठी खिडकी उघडायची सवय या दोन महिन्यांत मोडायला हवी. ती वेळ बहुतेक दिवशी सगळ्यात वाईट असते.

एका बाबतीत मात्र मी कुणाचंही ऐकणार नाही. फटी बुजवलेल्या खोलीत कोळशाची सिगडी कधीही ठेवायची नाही, दार थोडं उघडं असलं तरी नाही. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही, प्युरिफायर तो गाळत नाही, एन-९५ मास्क तो अडवत नाही, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. न्हाणीघरातल्या गॅस गिझरचाही हाच धोका आहे. तिथली हवेची वाट कधीही बुजवू नका. धुरासाठी फक्त झोपायची खोली बंद करायची असते, गिझरची जागा नाही.

मशीन बरं, खोली बंद, तरी आकडा अडलाय

मग मशीनकडे वळायचं. सगळ्यात आधी फिल्टर बाहेर काढून बघा. नव्या मशीनमध्ये तो प्लास्टिकच्या पिशवीत असतो आणि ती काढायची राहून गेलेली मी घराघरांत पाहिली आहे. पिशवी तशीच असेल तर मशीन आवाज करतं, वारा देतं, पण गाळत काहीच नाही.

त्यानंतर वेग. खोक्यावर लिहिलेला सीएडीआर पूर्ण वेगाचा असतो. रात्रीच्या मंद वेगावर तो निम्म्याहूनही कमी होतो. ‘ऑटो’वर ठेवलं तर मशीन आपल्या शेजारची स्वच्छ हवा मोजून स्वतःच हळू होतं, आणि पलंगाकडची हवा तशीच राहते. धुराच्या रात्री ऑटो नको. झोपण्याआधी तासभर पूर्ण वेग द्या आणि रात्री सहन होईल तो सगळ्यात वरचा वेग ठेवा. आवाजाने झोप मोडत असेल तर खोलीच्या मानाने मोठं मशीन घेऊन ते मधल्या वेगावर चालवणं हा एकच चांगला उपाय आहे. मशीन पडद्यामागे किंवा कपाटाला चिकटवून ठेवू नका, चहूबाजूंनी हातभर जागा सोडा.

पराली आणि डिसेंबरचं धुकं मिळून फिल्टर लवकर भरतो. कंपनीने दिलेले महिने सरासरी हवेसाठी असतात. काळा पडला म्हणून फिल्टर लगेच निकामी होत नाही. पण पूर्ण वेगावर वारा पूर्वीपेक्षा कमी लागत असेल आणि वरची चाचणी केल्यावर आकडा खाली यायला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागत असेल, तर तो बदला. बारीक कण धरणारा हा हेपा फिल्टर धुऊ नका. समोरची जाळी तेवढी धुवायची. ओझोन सोडणारी किंवा नुसती ‘आयन’वाली यंत्रं घेऊ नका, ओझोन दम्याच्या माणसाला उलट त्रास देतो. घरातल्या कुंड्यांनी हा धूर कमी होत नाही.

मग घरातलाच धूर. देवघरातली उदबत्ती, धूप, डासांची कॉइल यांतून निघणारे कण परालीच्या धुराइतकेच बारीक असतात. बंद खोलीत एक कॉइल रात्रभर जळली तर मशीनचं काम वाया जातं. मावशीला उदबत्ती सोडायला सांगणं मला जमलं नसतं. तिने स्वतःच ठरवलं, या दिवसांत देवापुढे तुपाचं छोटं निरांजन आणि फूल. डासांसाठी मच्छरदाणी. झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणं.

आकडा खाली आला पण वास येतोच, अशी तक्रार असेल तर काळजी नको. वास वायूंचा असतो, कणांचा नाही. हेपा कण धरतो, वायू नाही. काही मशीनमधला कोळशाचा पातळ थर वास काही दिवस कमी करतो आणि मग भरून जातो. वास राहिला म्हणून कणही राहिलेत असं समजू नका.

बाहेर जायचंच असेल तर मास्क

सकाळी सायकलवर जाणारा दूधवाला, मुलांना शाळेत सोडणारे, दुकान उघडणारे, यांना घरात बसून चालत नाही. त्यांच्यासाठी मास्क, आणि तिथेही गळतीच.

स्कूटरवर तोंडाला बांधलेला गमछा किंवा ओला रुमाल राख आणि मोठी धूळ अडवतो, धूर नाही. ओला केल्याने फरक पडत नाही. निळा सर्जिकल मास्क कापड म्हणून बरा असतो, पण दोन्ही गालांशी उघडा राहतो. एन-९५ चा अर्थ असा, की त्याचं कापड चाचणीत पकडायला सगळ्यात अवघड कणांपैकी किमान ९५ टक्के धरतं. आपल्याकडे त्याच्या जवळचा दर्जा म्हणजे एफएफपी२, भारतीय मानक आयएस ९४७३. मास्कवर हा मानकाचा क्रमांक आणि आयएसआय खूण छापलेली हवी. अमेरिकन एन-९५ वर टीसी-८४ए ने सुरू होणारा क्रमांक असतो. ‘एन-९५ टाइप’ एवढंच लिहिलेलं, क्रमांक नसलेलं, ते घेऊ नका.

९५ हा आकडा कापडाचा आहे, तुमच्या चेहऱ्यावर बसलेल्या मास्कचा नाही. समजा श्वासातली वीस टक्के हवा गालाच्या फटीतून आली. ती न गाळता येते. उरलेल्या ऐंशी टक्क्यांचा पाच टक्के धूर कापडातून येतो, तो चार. मिळून चोवीस टक्के धूर आत. महाग मास्क घेऊन पाऊण संरक्षण. म्हणून कानात अडकवायच्या मास्कपेक्षा डोक्यामागून दोन पट्टे जाणारा मास्क घ्या. तो चेहऱ्यावर दाबून बसतो. कानाचाच असेल तर मागे हूक लावून ताणून घ्या.

घालताना नाकावरची पट्टी एका हाताने चिमटू नका, दोन्ही हातांच्या बोटांनी मधून बाहेर दाबत आणा. मग मास्कवर दोन्ही तळवे ठेवून जोरात श्वास सोडा. नाकाजवळ डोळ्यांना वारा लागला तर पट्टी परत बसवा, गालाशी लागला तर पट्टे घट्ट करा. झडपेचा मास्क असेल तर जोरात श्वास आत ओढा, मास्क चेहऱ्याकडे ओढला गेला पाहिजे. धुरासाठी झडपेचा मास्क चालतो, कारण इथे स्वतःला वाचवायचं आहे, आणि स्कूटरवर त्याने दम कमी लागतो. चष्म्यावर वाफ धरणं ही नाकाजवळच्या गळतीची पक्की खूण. मास्कमधून धुराचा वास येणं मात्र गळतीची खूण नाही, कारण वास वायूंचा असतो आणि एन-९५ वायू अडवत नाही. मिशी मास्कच्या आत राहत असेल तर अडचण नाही. दाढीवर मास्क कितीही चांगला असला तरी चिकटत नाही. धुराचे दोन महिने दाढी काढा, असं मी पुतण्याला सरळ सांगितलं.

मास्कचं कापड विजेच्या सूक्ष्म भाराने कण ओढून धरतं. साबणाने धुतला किंवा सॅनिटायझर फवारला की तो भार जातो, आणि मास्क दिसायला तसाच राहून निकामी होतो. वापर झाल्यावर कागदी पिशवीत घालून सावलीत ठेवा, तोच पुन्हा वापरा. पट्टे सैल पडले, आकार मोडला, किंवा श्वास घ्यायला जोर लागू लागला की टाकून द्या. दोन वर्षांखालच्या मुलांना मास्क नको. त्यांच्यापेक्षा मोठ्या मुलांना मोठ्यांचा मास्क बसत नाही, त्यामुळे आकडा चढलेला असताना त्यांना बंद खोलीत ठेवणंच खरं. सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार किंवा हृदयाचा आजार असलेल्यांना एन-९५ ने दम लागू शकतो, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. दम्याच्या माणसाचा पंप नेहमीपेक्षा जास्त वेळा लागू लागला, बोलताना वाक्य पुरं होईना, किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर मीटर बघत बसू नका, दवाखाना गाठा.

एप्रिलमधली नरवाई आणि कूलर

गहू निघाल्यावर नरवाई जळते तेव्हा वर सांगितलेलं अर्धं उपयोगी पडत नाही, कारण त्याच दिवसांत कूलर सुरू होतो. कूलर तासाला हजारो घनमीटर बाहेरची हवा आत ढकलतो. ४५ घनमीटरच्या खोलीत ती तासाला कित्येक डझन वेळा बदलते. अशा गळतीपुढे कुठलाही प्युरिफायर टिकणार नाही. खसची ओली ताटी राख आणि जाड धूळ धरते, बारीक धूर सरळ पार होतो. कूलर चालू असताना प्युरिफायर लावणं म्हणजे वीज फुकट घालवणं आहे.

इथे दोन्ही एकदम साधत नाहीत, निवड करावी लागते. नरवाईचा धूर परालीसारखा आठवडेच्या आठवडे बसून राहत नाही. आग जवळची असली तर बहुधा काही तासांचा लोट असतो. तो येताना दिसला की कूलर बंद करा, तीच फळी त्याच्या तोंडावर लावा, प्युरिफायर पूर्ण वेगावर, छताचा पंखा चालू. लोट ओसरला हे बाहेरच्या मीटरवर दिसलं की फळी काढा. घरात एक खोली एसीची असेल तर त्या तासांत सगळ्यांनी तिथेच बसावं. एसीही नाही, खोलीतलं तापमान चाळिशीला टेकलं आहे, आणि घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल आहे, तर कूलर पुन्हा लावा. त्या तापमानात पंख्याचा वारा अंग गार करत नाही, आणि उष्माघात काही तासांत जीव घेतो. अशा वेळी मोठ्यांनी कूलरसमोर बसतानाही मास्क लावावा, आणि तान्ह्याला एसी असलेल्या शेजाऱ्यांकडे न्यावं.